वडील गेले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर: वारस नोंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या असंख्य सातबाऱ्यांवर वीस-वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांची नावे अजून आहेत. 2025 च्या एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली ती त्यामुळेच. मोहिमेत नाव लागले तर ठीक. पण बहुतेकांना हे काम स्वतःच करावे लागते, आणि तेव्हा प्रश्नांची रांग लागते.

उत्तरे समजायला सोपी जावीत म्हणून एकच घर डोळ्यांसमोर ठेवू. वडील मृत्युपत्र न करता वारले. गावात त्यांनी स्वतः विकत घेतलेली 2.40 हेक्टर शेती आहे, आणि तालुक्याच्या गावी नगरपालिका हद्दीत एक घर आहे. मागे त्यांची म्हातारी आई, पत्नी, थोरला मुलगा आणि लग्न झालेली मुलगी आहे. धाकटा मुलगा वडिलांच्या आधीच गेला, त्याची पत्नी आणि दोन लहान मुले आहेत. कुटुंब हिंदू आहे, म्हणून इथे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबात वारस आणि हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात, नोंदीची पद्धत मात्र हीच.

वारस नोंद झाली म्हणजे जमीन आमच्या मालकीची झाली का?

जमीन तुमची झाली ती वडील गेले त्या क्षणी. नोंदीने फक्त सरकारी दप्तर त्या वस्तुस्थितीशी जुळते. सातबारा आणि फेरफार हे महसुलासाठी ठेवलेले दप्तर आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण त्या नोंदीने कोणाला नवी मालकी मिळत नाही आणि कोणाची जातही नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की गावोगावी दोन उलट गैरसमज आहेत. एक, “माझे एकट्याचे नाव लागले, आता बहिणीचा संबंध नाही.” दुसरा, “माझे नाव नाही, म्हणजे माझा हक्क बुडाला.” दोन्ही चूक. पण नाव नसेल तर पीककर्ज, नुकसानभरपाई, विक्री, मोजणी सगळे अडते. म्हणून नोंद करायची, आणि सगळ्यांची करायची.

अर्ज किती ठिकाणी करावा लागतो?

आपल्या उदाहरणात तीन ठिकाणी, आणि लोक इथेच फसतात. सातबाऱ्यावर नाव लागले की घराच्या कागदांवर आपोआप लागेल असे वाटते. तसे होत नाही, कारण ही दप्तरे वेगवेगळ्या कार्यालयांची आहेत.

शेतीसाठी तलाठ्याकडे जायचे. आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. घराच्या जागेला सिटी सर्व्हे झालेला असेल तर तिचे मालमत्ता पत्रक भूमी अभिलेख खात्याकडे असते, म्हणून अर्ज नगर भूमापन अधिकाऱ्याकडे किंवा तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. तिसरे दप्तर नगरपालिकेची कर आकारणी नोंदवही. घरपट्टीचे बिल तिच्यावरून निघते. घर गावठाणात असते तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 या तिसऱ्या जागी आला असता.

वारस कोण कोण? आजीचे नाव लावायचे का?

लावायचेच. सर्वांत जास्त विसरले जाणारे नाव हेच. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस असते. मृताचे वडील त्या वर्गात नाहीत. गावात वंशावळ लिहिताना लोक मृताच्या खालची पिढीच लिहितात आणि आजी राहून जाते.

आपल्या घरात हिस्से असे पडतात: आई एक, पत्नी एक, थोरला मुलगा एक, मुलगी एक, आणि आधी वारलेल्या धाकट्याच्या शाखेला मिळून एक. पाच समान हिस्से. 2.40 हेक्टरचे पाच म्हणजे प्रत्येकी 0.48. धाकट्याच्या शाखेचे 0.48 पुढे त्याची पत्नी आणि दोन मुले यांच्यात समान, म्हणजे प्रत्येकी 0.16 हेक्टर. मुलीचे लग्न झाले आहे का, कधी झाले, हुंडा-दागिने दिले का, याने काहीही बदलत नाही.

जमीन स्वकष्टार्जित होती म्हणून गणित इतके सरळ आहे. वडिलोपार्जित असती तर आधी वडिलांचा सहदायकीतला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला, हिस्सा काढावा लागला असता आणि आकडे बदलले असते. त्यातही 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्माने सहदायक आहे. दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले.

मालकीण स्त्री असेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 8 नव्हे, कलम 15 लागते. तिथे मुलगे, मुली आणि पती पहिल्या पायरीवर येतात, आणि तिचे आईवडील नंतर.

मग सातबाऱ्यावर 0.48, 0.16 असे आकडे येतील का?

बहुधा नाही. वारस फेरफारात सगळ्यांची नावे येतात आणि क्षेत्र सामाईक राहते. हिस्से ठरवणे हे वारस नोंदीचे काम नाही. ते वाटणीचे काम आहे: सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे, नसेल तर दिवाणी न्यायालयात. वरचे गणित मात्र घरात सगळ्यांना माहीत असावे. पुढच्या भांडणात तेच उपयोगी पडते.

अर्जाला कोणते कागद लागतात?

मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ, वारसांची ओळखपत्रे, आणि वंशावळीसह सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. आपल्या उदाहरणात धाकट्या मुलाचाही मृत्यू दाखला लागेल. त्याशिवाय त्याची पत्नी आणि मुले वारस कशी, हे दाखवता येत नाही. काही तलाठी शिधापत्रिका किंवा पोलीस पाटलाचा दाखलाही मागतात.

वंशावळीत कोणाला वगळू नका. जाणूनबुजून बहिणीचे नाव गाळून “एवढेच वारस” असे शपथेवर लिहिणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापत्र, आणि ते फौजदारी प्रकरण होऊ शकते.

न्यायालयाचा वारस दाखला आणावाच लागतो का?

वाद नसेल तर जमिनीच्या नोंदीसाठी सहसा लागत नाही. लोक ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ आणायला धावतात, पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खालचे ते प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे बँक ठेवी, शेअर अशा गोष्टींसाठी असते. जमिनीसाठी नाही. वारसांबद्दल खरीच शंका असेल तर 1827 च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय वारस दाखला देते. महिने जातात, म्हणून कार्यालयाने मागितला तर आधी विचारा की तो नेमका कशासाठी हवा आहे.

अर्ज दिल्यावर आत नेमके काय होते?

हे समजले की फेऱ्या निम्म्या होतात, म्हणून जरा सविस्तर.

जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते, तोंडी किंवा लेखी, आणि तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची असते. लेखीच द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन करायचे तर `pdeigr.maharashtra.gov.in` वरच्या ई-हक्क प्रणालीत वारस नोंदीचा अर्ज भरता येतो. तिथे अर्ज क्रमांक मिळतो, तोच पोच.

आधी तुमचे प्रकरण गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारस प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. तलाठी गावात चौकशी करतो की हेच वारस आहेत का, आणखी कोणी आहे का. मग मंडळ अधिकारी वारस कोण ते मंजूर करतो. त्यानंतर गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते आणि तिला फेरफार क्रमांक पडतो. हा क्रमांक लिहून घ्या, पुढचे सगळे त्याच्यावर चालते.

फेरफार पडला म्हणजे काम झाले असे नाही. नमुना 9 ची नोटीस संबंधितांना जाते, चावडीवर लागते, आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच नावे सातबाऱ्यावर येतात. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी महिनाभर धरून चाला.

सर्वाधिक प्रकरणे मला दोन ठिकाणी अडकलेली दिसतात. एक, 6-क मध्ये नोंद झाली आणि पुढे फेरफारच घेतला गेला नाही. दुसरे, 15 दिवस उलटून गेले तरी नोंद प्रमाणित व्हायची राहिली. पहिल्यात फेरफार क्रमांकच मिळालेला नसतो. दुसऱ्यात क्रमांक असतो, पण सातबारा काढला तर खाली प्रलंबित फेरफार दिसतो. आधी हे तपासा, आणि मग त्यानुसार तलाठी की मंडळ अधिकारी, कोणाला विचारायचे ते ठरवा.

प्रमाणित झाले हे कसे ओळखायचे?

`bhulekh.mahabhumi.gov.in` वर सातबारा पाहा. वडिलांच्या नावाला कंस पडलेला असतो, आणि नव्या नावांसमोर फेरफार क्रमांक असतो. प्रत्येक नावाचे स्पेलिंग आधारशी ताडून घ्या. ‘शांताबाई’चे ‘शांतीबाई’ झाले असेल तर ती लेखनातली चूक कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. आज दुरुस्त केली तर सोपे जाते. विक्रीच्या वेळी तीच चूक डोंगर होते.

सातबाऱ्यावर ‘पांडू’ आणि दाखल्यावर ‘पांडुरंग’ आहे. मग?

दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे वारसांचे प्रतिज्ञापत्र द्या आणि सोबत दोन्ही नावे जोडणारा एखादा जुना कागद लावा: जुना फेरफार, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, शाळेचा दाखला. आडनाव वेगळे असेल तर चौकशी जास्त होते, कारण एकाच गावात त्याच नावाचा दुसरा खातेदार असू शकतो.

मृत्यूचा दाखलाच नाही. आजोबा 1978 मध्ये गेले.

मृत्यूची नोंद झालेली नसेल आणि एक वर्ष उलटले असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उशिरा नोंद करता येते. त्यासाठी जिथे मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी शोध घ्या. बऱ्याचदा नोंद असते, फक्त आपण आजोबांच्या मूळ गावात शोधतो आणि ते गेलेले असतात मुलीच्या गावी. जुन्या नोंदीत नाव न मिळाल्याचा ‘अनुपलब्धतेचा दाखला’ मिळतो, आणि पुढचा अर्ज त्याच्या आधारे होतो.

अशा जुन्या प्रकरणात मध्ये दोन-तीन पिढ्या गेलेल्या असतात. मग प्रत्येक मृत्यूचा दाखला लागतो आणि वारस एकापाठोपाठ एक धरावे लागतात. आजोबांच्या जागी थेट नातवांची नावे लावून घेण्याची घाई केली की आत्यांची मुले सुटतात. हरकत मग त्यांच्याचकडून येते.

सातबाऱ्यावर थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिले आहे. ते काय?

एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी घरातल्या सर्वांत मोठ्या मुलाचे नाव कब्जेदार सदरात लावायचे आणि बाकीचे भाऊ, कधी बहिणी ‘इतर हक्क’ रकान्यात टाकायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे काका एकटे मालक होत नाहीत. ते कुटुंबाच्या वतीने नोंदलेले असतात. पण काकांची मुले पुढे फक्त स्वतःची वारस नोंद करून घेतात आणि गोंधळ पक्का होतो. म्हणून ती नोंद ज्या जुन्या फेरफाराने पडली त्याची प्रत तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा आणि तिच्या आधारे सर्व शाखांची नावे लावण्याचा अर्ज करा. मूळ फेरफारात भावंडांची नावे लिहिलेली असतील तर काम पुष्कळ हलके होते.

बहीण म्हणते, मला काही नको. तिचे नाव न लावता चालेल का?

नाही, आणि हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तलाठ्यापुढचा जबाब, साध्या कागदावरचे संमतीपत्र किंवा नोटरी केलेला कागद यांनी स्थावरातला हक्क सुटत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र लागते. भावंडांमध्ये मोबदला न घेता केलेल्या अशा पत्रावर मुद्रांक शुल्क नाममात्र असते.

क्रम असा ठेवा: आधी सर्वांची वारस नोंद, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मग त्या पत्राचा दुसरा फेरफार. हक्कसोड कोणाच्या लाभात आहे हेही पत्रात स्पष्ट असावे. थोरल्या भावाच्या लाभात सोडले तर धाकट्याच्या मुलांना त्यातले काही मिळत नाही, आणि बहिणीला बहुधा तसे म्हणायचे नसते.

अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलांची नावे कशी लागतात?

मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि आईचे नाव येते, म्हणजे अज्ञान पालनकर्ती. आई मुलांच्या वतीने सही करू शकते, पण मुलांच्या वाट्याची जमीन विकायची झाली तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि खरेदीदाराचा वकील तो विचारतोच. मुलगा 18 वर्षांचा झाला की अ.पा.क. शेरा काढून घ्यायचा अर्ज द्या. आपोआप निघत नाही.

जमीन भोगवटादार वर्ग 2 आहे. परवानगी लागेल?

वारसाने हक्क मिळणे म्हणजे हस्तांतरण नव्हे, त्यामुळे वारस नोंदीला लागत नाही. पुढे विकताना लागेल. जमिनीवर कर्जाचा बोजा असेल तर तो मात्र वारसांच्या नावावर तसाच येतो.

घराच्या मालमत्ता पत्रकाची नोंद कशी होते?

कागद जवळजवळ तेच, फक्त सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रकाचा उतारा. भूमी अभिलेख कार्यालयातला परिरक्षण भूमापक फेरफार नोंदवतो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत जाऊ देतो आणि मग नोंद प्रमाणित होते. फरक एवढाच जाणवतो की इथे सिटी सर्व्हे क्रमांक चालतो, घरक्रमांक नाही. नगरपालिकेच्या घरपट्टीवरचा क्रमांक देऊन लोक तासभर रांगेत उभे राहतात.

आणि नगरपालिकेत?

करविभागात ‘वारसाहक्काने नावनोंदणी’चा अर्ज. मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मालमत्ता पत्रकाचा नवा उतारा, आणि चालू वर्षापर्यंतची घरपट्टी भरल्याची पावती. थकबाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून आधी बिल पाहा. आधी मालमत्ता पत्रक करून घेतले तर इथे प्रश्न कमी विचारले जातात, म्हणून मी तोच क्रम सुचवतो. महानगरपालिका हद्दीत असाल तर मृत्यूपासून एक वर्षाच्या आत वारसाने पालिकेला लेखी कळवायचे असते.

काही कार्यालये इतर वारसांचे ‘ना हरकत’ मागतात आणि एकाचेच नाव लावतात. बिल एकाच्या नावाने निघावे इतकाच हेतू असेल तर हरकत नाही, पण अर्जात सर्व वारसांची नावे लिहा. करनोंदवही मालकीचा पुरावा नाही, हे पालिकाही बिलावर छापते. तरी दहा वर्षांनी तेच बिल दाखवून घर माझे म्हणणारा भाऊ निघतो.

घर नव्हे, सोसायटीतला फ्लॅट असेल आणि नामनिर्देशन थोरल्याचे असेल तर?

सोसायटी नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद करून घेते. मालकी वारसांचीच राहते, नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे.

मृत्युपत्र असेल तर वारसांना विचारायचेच नाही का?

मृत्युपत्राने फेरफार घेता येतो, पण नोटीस नैसर्गिक वारसांना जाते. त्यांनी ते खोटे आहे असे म्हटले तर मृत्युपत्र खरे की खोटे हे महसूल अधिकारी ठरवत नाही, ते दिवाणी न्यायालयाचे काम.

चुलतभावाने हरकत घेतली. आता?

प्रकरण गाव नमुना 6-अ, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. तारखेला हजर राहा, वंशावळ आणि दाखले लेखी जोडा. हरकतीत नुसता राग असेल आणि कागद नसेल तर ती टिकत नाही.

मला न कळवताच भावाने स्वतःचे नाव लावून घेतले. किती दिवसांत दाद मागायची?

जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे अपील. मुदत 60 दिवस. तुम्हाला उशिरा कळले असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्या आणि कधी, कसे कळले ते तारखेसह लिहा. तुम्हाला नमुना 9 ची नोटीस बजावली गेली होती का, हे पाहण्यासाठी फेरफाराची नक्कल आणि नोटिशीची बजावणी माहिती अधिकारात मागवा. नोटिशीवर तुमची सही नसेल, किंवा तुम्ही परगावी असताना चावडीवरच चिकटवून काम उरकले असेल, तर अपिलातला तो सर्वांत मजबूत मुद्दा असतो. मालकीचाच वाद असेल तर वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात वेगळा टाकावा लागतो, आणि तो टाकल्याची नोंद इतर हक्कात करून घ्यायला विसरू नका, नाहीतर दावा चालू असतानाच जमीन विकली जाते.